मुंजीच्या व्हिडिओ एडिटिंगचं कोटेशन कसं काढायचं, आणि बदल किती वेळा करून द्यायचे?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. आतापर्यंत एका स्टुडिओसाठी एडिटिंग करत होतो, तिथे दर तेच ठरवायचे आणि गिऱ्हाइकाशी बोलणंही त्यांच्याकडेच. आता पहिल्यांदाच एका कुटुंबाने मला थेट विचारलंय. मुंज होऊन गेली आहे. कॅमेरावाल्याने फक्त शूटिंगचं ठरवलं होतं, त्यामुळे सगळा डेटा घरच्यांकडे हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. एका कॅमेऱ्याचं साधारण तीन तास, दुसऱ्याचं दोन तास, शिवाय नातेवाइकांच्या मोबाइलमधल्या क्लिप्स. त्यांना तासाभराचा पूर्ण व्हिडिओ, पाच मिनिटांचा हायलाइट आणि तीन रील हवेत.

माझे प्रश्न दोन. आकडा कशावर काढायचा? तयार व्हिडिओच्या मिनिटांवर, दिवसांवर की सरसकट? आणि बदल किती वेळा करून देणार हे सुरुवातीलाच कसं सांगायचं, म्हणजे समोरच्याला तोडून बोलल्यासारखं वाटणार नाही? रविवारी आकडा कळवायचा आहे.

बोका
लॅपटॉप कोणता वापरता? मलाही घ्यायचाय. १६ जीबी रॅम पुरते का?

मंदार_पु
मिनिटावर काढा, सगळ्यात सोपं. हायलाइट मिनिटाला हजार, पूर्ण व्हिडिओ मिनिटाला पन्नास, रील पाचशेला एक. म्हणजे पाच हजार अधिक तीन हजार अधिक दीड हजार, साडेनऊ हजार झाले. गिऱ्हाइकाला लगेच कळतं, हिशोब विचारत बसत नाही. बदलांचं म्हणाल तर सरळ 'समाधान होईपर्यंत' म्हणून टाका. नवीन माणसाला काम मिळणं महत्त्वाचं, आणि लोक तसेही एक-दोनदाच सांगतात.

अनघा_ठाणे
मंदार, 'लोक एक-दोनदाच सांगतात' हे आमच्या घरी येऊन बघा :) सविस्तर रात्री लिहिते.

टाइमलाइन
कृष्णाकाठ, मी बारसं, मुंज, साठीशांत, शाळांची स्नेहसंमेलनं अशीच कामं बरीच वर्षं करतोय. मंदार यांचा आकडा तुमच्या कामाला योगायोगाने जवळपास बसेल, पण पद्धत धोक्याची आहे. पाच मिनिटांचा हायलाइट तासाभराच्या फुटेजमधून काढणं आणि साडेपाच तासांच्या फुटेजमधून काढणं यात कष्ट सारखे नसतात. तयार मिनिटं तीच, बघायचं फुटेज पाचपट. उद्या कोणी चार कॅमेऱ्यांचं अकरा तासांचं फुटेज आणून 'पाचच मिनिटं हवीत हो' म्हणालं की मिनिटाचा दर तुम्हाला मारणार.

म्हणून आधी तास मोजा. तुमच्या कामाचे मी असे धरतो. डेटा कॉपी करणं, दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवणं आणि दोन कॅमेरे आवाजावरून एकमेकांशी जुळवणं, दोन तास. साडेपाच तासांचं फुटेज दुप्पट वेगाने बघितलं तरी तीन तास. पूर्ण व्हिडिओ कापायला पाच. हायलाइटला सहा, कारण तिथे प्रत्येक शॉट निवडायचा असतो. रील हायलाइटमधूनच निघतात, पण आडवी चौकट उभी करताना बटूचं तोंड कापलं जात नाही ना ते शॉटगणिक बघावं लागतं, तीन तास. रंग आणि आवाज तीन. नावं, एक्स्पोर्ट, अपलोड दोन. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप एक. झाले पंचवीस. बदलांच्या दोन फेऱ्यांचे चार तास आत्ताच त्यात धरा, नंतर नाही. एकोणतीस.

आता तासाचा दर. महिन्याला हातात ३० हजार हवेत, वीज-डिस्क-सॉफ्टवेअर-कॉम्प्युटरची झीज मिळून ६ हजार असं समजू. महिन्यात खरे पैसे मिळणारे तास १२० च्या वर धरू नका. बाकीचा वेळ कामं मिळवण्यात, भेटींत आणि वसुलीत जातो. ३६ हजार भागिले १२०, म्हणजे तासाला ३००. एकोणतीस तासांचे ८,७००. वर दहा टक्के अडचणीसाठी, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास. तुमचा खर्च वेगळा असेल तर आकडा वेगळा येईल, रीत हीच.

पण रविवारी आकडा सांगण्याआधी डिस्क आणून उघडून बघा. न बघता दिलेल्या कोटेशनला अर्थ नाही.

स्टुडिओवाले
टाइमलाइन यांचा हिशोब वहीत बरोबर आहे, पण गिऱ्हाइकाला तास दाखवू नका. 'हायलाइटला सहा तास कशाला? माझा पुतण्या मोबाइलवर अर्ध्या तासात करतो' हे ऐकावंच लागतं. तास स्वतःपाशी ठेवा, त्यांना एकच आकडा आणि त्यात काय-काय मिळणार ते सांगा.

दुसरं, आम्ही स्टुडिओवाले एडिटरला कमी देतो अशी ओरड असते. पण आम्ही महिन्याला ठरावीक कामं देतो, गिऱ्हाइकाचे फोन आम्ही घेतो, नावं आम्ही तपासून देतो, पैसे बुडाले तर आमचे बुडतात. थेट कामाचा दर स्टुडिओच्या दरापेक्षा बराच जास्त असायला हवा तो याचसाठी. स्टुडिओत मिळायचे त्यात थोडे वाढवून सांगणार असाल तर घाट्यात जाल.

मंदार_पु
तासाचा हिशोब मान्य. पण नवा माणूस संथ असतो. त्याला सहाऐवजी बारा तास लागले तर त्याचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत?

टाइमलाइन
@मंदार_पु रास्त प्रश्न. ते गिऱ्हाइकाने देऊ नयेतच. कोटेशन सवय झालेल्या हाताच्या तासांवर करायचं, आणि प्रत्यक्षात किती लागले ते कामागणिक लिहून ठेवायचं. चार-पाच कामांत कळतं की आपण नेमके कुठे अडकतो. बहुतेक जण हायलाइटमध्ये गाणं शोधण्यात अडकतात. त्याबद्दल थोड्या वेळाने लिहितो, तीच या धाग्याची खरी ग्यानबाची मेख आहे.

अनघा_ठाणे
मी एडिटर नाही, गिऱ्हाईक आहे. माझ्या सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ आम्ही एका मुलाकडून करून घेतला. काम सुंदर केलं त्याने. पण व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकल्यावर जे सुरू झालं ते विचारू नका. नाशिकच्या आत्या म्हणाल्या, मी ओवाळलेलं दिसतच नाही. दिरांना गाणं आवडलं नाही. जावेच्या माहेरच्यांचं आडनाव चुकलं होतं. अमेरिकेतल्या नणंदेला सगळं फार लांबलचक वाटलं, सासूबाईंना फार तोकडं. जसजसं येईल तसतसं मी त्या मुलाला पाठवत गेले, बरेचदा व्हॉइस मेसेजने. एक दिवस त्याने फोन घेणंच बंद केलं.

मला राग आला होता. पण खरं सांगते, बदल किती होणार, कोणी सांगायचे, कधीपर्यंत सांगायचे, यातलं एक अक्षरही त्याने आधी काढलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी आधी सगळ्यांना विचारून एकच यादी केली असती. कृष्णाकाठ, तोडून बोलल्यासारखं वाटेल याची काळजी करू नका. घरात ज्याच्या गळ्यात हे काम पडतं त्याला अशी अट हवीच असते. 'एडिटरने दोनदाच म्हटलंय' असं आत्यांना सांगता येतं!

रेवा
अनघाताई, 'आत्या दिसत नाहीत' हा तर जागतिक प्रश्न आहे.

चिंतोपंत
आमच्या मुंजीत व्हिडिओ नव्हता. एक फोटो आहे, त्यात मी रडतोय आणि मामा हसतोय. कोणीही बदल सुचवलेले नाहीत.

टाइमलाइन
अनघाताईंनी लिहिलंय त्यात जवळजवळ सगळं आलं. आता बदलांच्या अटींबद्दल.

'दोन वेळा बदल' एवढंच लिहिलं तर भांडण ठरलेलं. एक वेळ म्हणजे काय हे लिहायला हवं. माझ्याकडे एक फेरी म्हणजे एका माणसाने पाठवलेली एक लेखी यादी, प्रत्येक बदलापुढे व्हिडिओतली वेळ. '१२:४० ला काकांच्या ऐवजी आजोबांचा शॉट' असं. 'ते काकू येतात ना, तिथे जरा' हे चालत नाही. ज्येष्ठ मंडळी व्हॉइस मेसेज पाठवतातच, त्यांना अडवू नका. ते ऐकून यादी तुम्ही टाइप करा, परत पाठवा आणि 'बरोबर आहे' असं उत्तर आल्यावरच हात लावा. यादी सात दिवसांत यावी.

दुसरं, सगळे बदल एका मापाचे नसतात. नाव दुरुस्त करणं दहा मिनिटांचं काम. आत्यांचा शॉट घालणं अर्ध्या तासाचं, तोही मिळाला तर. पण गाणं बदलणं म्हणजे हायलाइट पुन्हा करणं. सगळे कट त्या गाण्याच्या ठेक्यावर बसवलेले असतात. गाणं काढलं की मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण जिथे सूर चढतो तिथे राहत नाही, शॉट एक तर लांबतात नाही तर तोकडे पडतात. सहातले चार तास पुन्हा जातात. गिऱ्हाइकाला वाटतं, खालचं एक गाणं काढून दुसरं लावायचं, त्यात काय. म्हणून गाणं एडिटिंगच्या आधी पक्कं करायचं. मी दोन-तीन पर्याय पाठवतो, घरात ठरवा म्हणतो, आणि 'हे नक्की' असा मेसेज आल्याशिवाय हायलाइटला सुरुवात करत नाही. त्यानंतर गाणं बदललं तर वेगळे पैसे, फेरीत धरत नाही.

तिसरं, निम्मे बदल येऊच नयेत याची सोय. निमंत्रणपत्रिकेचा फोटो मागवा. नावं, आडनावं, त्यांचा क्रम त्यावरून घ्या, कारण पत्रिकेवर घरात आधीच पुरेशी चर्चा झालेली असते. आणि दिसायलाच हव्यात अशा पंधरा-वीस माणसांची यादी फोटोंसकट घ्या, आपल्याला आत्या कोण हे कळत नाही. मुंजीत भिक्षावळ फार उपयोगी पडते. एकेक जण बटूसमोर येतो, तोंड स्वच्छ दिसतं, हातात काहीतरी असतं. पूर्ण व्हिडिओत भिक्षावळ आखडू नका, 'मी दिसत नाही' ही तक्रार तिथेच मिटते.

मी पाठवतो तो मेसेज देतो, हवा तर तुमच्या भाषेत करून घ्या:

"नमस्कार. ठरल्याप्रमाणे मुंजीचा पूर्ण व्हिडिओ (सुमारे ६० मिनिटं), हायलाइट (सुमारे ५ मिनिटं) आणि ३ रील यांचे मिळून रु. ____. निम्मी रक्कम काम सुरू करताना, उरलेली अंतिम फाइल देण्याआधी. गाणं आणि नावं पक्की झाल्यापासून १५ दिवसांत पहिली प्रत बघायला देईन. त्यावर बदलांच्या दोन याद्या याच रकमेत. घरातल्या सर्वांचं मत घेऊन एकाच व्यक्तीने वेळेसह यादी ७ दिवसांत पाठवावी. पक्कं केलेलं गाणं बदलणं, नवीन फुटेज घालणं किंवा तिसरी यादी यासाठी तासाला रु. ३०० प्रमाणे वेगळे, पण आधी अंदाज सांगूनच. माझ्या हातून झालेली चूक कधीही विनामूल्य दुरुस्त करून देईन. अंतिम फाइल दिल्यानंतर डेटा ३० दिवस माझ्याकडे राहील."

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. पत्रिकेत बरोबर असलेलं नाव तुम्ही चुकीचं टाइप केलं तर ती दुरुस्ती फेरीत मोजायची नाही.

स्टुडिओवाले
मेसेज उत्तम. 'तासाला ३००' तेवढं खटकलं. तिसऱ्या यादीला सरळ ठरावीक रक्कम लिहा, हजार किंवा काय ते. तास म्हटलं की संशय येतो.

टाइमलाइन
@स्टुडिओवाले ठरावीक रकमेत दोन नावं बदलणाऱ्याकडूनही हजार घ्यावे लागतात. मला ते पटत नाही. आधी अंदाज सांगितला की वाद होत नाही, असा माझा अनुभव.

रेवा
गाण्यावरून आठवलं, सिनेमातलं गाणं टाकून यूट्यूबवर चढवलं की दावा येतो. कधी व्हिडिओ ब्लॉक होतो, कधी जाहिराती लागतात. हेही आधी सांगायला हवं ना?

मंदार_पु
धार्मिक समारंभांना कॉपीराइट कायद्यात सूट आहे. लग्न, मुंज सगळं त्यात येतं. काही होत नाही.

नोटरी_चौक
मंदार, अर्धं बरोबर. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभात गाणं वाजवायला सूट आहे, आणि स्पष्टीकरणात लग्नाच्या वरातीचा नि लग्नाशी जोडलेल्या समारंभांचा उल्लेख आहे. पण ती सूट कार्यक्रमात गाणं वाजवण्याला. तेच गाणं नंतर एडिट करून व्हिडिओला जोडणं आणि इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट, ती त्यात बसत नाही. शिवाय यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखून आपोआप दावा लावते, मुंज आहे की काय हे ती बघत नाही. कृष्णाकाठ, परवाना असलेलं संगीत वापरा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः टाइमलाइन आणि अनघाताईंचे.

काल डिस्क आणली. बरं झालं आधी बघितली. पहिला कॅमेरा सलग आहे आणि गुरुजींजवळच्या माइकचा आवाज त्यात छान आलाय. दुसऱ्या कॅमेऱ्यावाल्याने मात्र सारखं चालू-बंद केलंय, तीस-चाळीस सेकंदांचे ढीगभर तुकडे. त्या कॅमेऱ्याचं घड्याळही चुकलेलं, मुंज सकाळची आणि फाइलींवर मध्यरात्रीची वेळ. मोबाइलच्या क्लिप्स मुख्य आवाजावर लावल्या तर सुरुवात जुळते, पण लांब क्लिप्समध्ये पुढे-पुढे ओठ आणि आवाज फाटत जातात. हे कशाने?

टाइमलाइन
मोबाइल फ्रेमचा वेग प्रकाशाप्रमाणे आणि प्रोसेसरवरच्या ताणाप्रमाणे कमी-जास्त करतो. एडिटिंग सॉफ्टवेअर तो एकसारखा धरतं, म्हणून हळूहळू सरकतं. हँडब्रेकमधून `Constant Framerate` निवडून त्या क्लिप्स आधी बदलून घ्या, मग आणा. वेळ मशीनचा जातो, पण रांग लावणं आणि तपासणं तुमचं.

दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ सगळीकडे सारख्याच फरकाने चुकलंय का बघा. तसं असेल तर एक तुकडा आवाजावरून नेमका जुळवा, तोच फरक बाकीच्यांना लावा. आवाजावरून आपोआप जुळवायला दिलं तर बरेच तुकडे बसतील, पण सनई मोठ्याने चालू असतानाचे फसतात, ते हाताने. या सगळ्याचे तीन तास धरा. बत्तीस तास, ९,६००, अडचणीचे मिळवून साडेदहा हजार.

बोका
रॅमचं कोणी सांगेल का?

रेवा
बोका, वेगळा धागा काढ रे.

अनघा_ठाणे
कृष्णाकाठ, काम ओळखीतलं आहे का? आगाऊ पैसे मागताना तेच अवघड जातं.

कृष्णाकाठ
हो ताई, वडिलांच्या ओळखीतले आहेत. तरीही मेसेज तसाच पाठवला, निम्म्या आगाऊसकट, १०,५०० चा. आकडा एकच, तास फक्त माझ्या वहीत.

त्यांचा फोन आला. अटींबद्दल अवाक्षर काढलं नाहीत, उलट 'यादी माझी बायको पाठवेल, तिचंच ऐका' म्हणाले. रकमेवर मात्र 'आठ हजारांत बसवा' म्हणाले. मी दर न उतरवता काम उतरवलं. तीनऐवजी एक रील, आणि मोबाइलच्या सगळ्या क्लिप्स शोधत बसण्याऐवजी त्यांनीच निवडलेल्या दहा. दोन्ही मिळून माझे पाच तास वाचतात, म्हणून नऊ हजार सांगितले. त्यांनी घासाघीस थोडी केली, पण कुठलं काम कमी झालं ते समोर दिसत होतं, म्हणून मानले. साडेचार हजार आले. पत्रिकेचा फोटो आलाय, दिसायलाच हव्यात अशा माणसांची यादी तेवीस जणांची आहे, आणि वाद्यसंगीताचे तीन पर्याय घरात ऐकणं सुरू आहे.

एक नवीन विचारणा मात्र आली आहे. 'सगळं झालं की आम्हाला प्रोजेक्टही द्या, पुतण्याला पुढे काही बदलायचं झालं तर' असं म्हणतायत. द्यावं का?

स्टुडिओवाले
अजिबात नाही. तयार व्हिडिओ त्यांचा, प्रोजेक्ट तुमचा. वर पुतण्या त्यात काहीतरी करणार आणि खाली नाव तुमचं राहणार.

टाइमलाइन
मी देतो, वेगळे पैसे घेऊन. आपल्याकडच्या ३० दिवसांनंतर त्यांनाच सगळं सांभाळायचं असतं. मात्र फॉन्ट आणि संगीत त्यासोबत जात नाही, त्याचे परवाने आपल्या नावावर असतात, हे लिहून द्यायचं. पुतण्याने उघडल्यावर ऑफलाइन दिसलं तर फोन तुम्हालाच येईल, त्याचे तास धरूनच आकडा सांगा.

स्टुडिओवाले
तो फोन पुढची दोन वर्षं येत राहील, त्याचे तास कसे धरणार?